आढावा म्हणजे प्रमेय नव्हे

मराठी माध्यमातून समाजशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या निबंधाचे पहिले वाक्य बहुधा ठरलेले असते: ‘प्रस्तुत निबंधात भारतीय जातिव्यवस्थेचे स्वरूप, वैशिष्ट्ये, कारणे आणि परिणाम यांचा आढावा घेण्यात आला आहे.’ या वाक्यात चूक काढता येत नाही आणि त्याची खरी अडचण हीच आहे, कारण जे वाक्य कोणत्याही परिस्थितीत चूक ठरू शकत नाही ते जगाविषयी काही सांगतही नाही. जातीच्या जागी कुटुंब, स्थलांतर, व्यसनाधीनता किंवा शहरीकरण यांपैकी काहीही घातले तरी वाक्य तितकेच खरे राहते. ते निबंधाची अनुक्रमणिका सांगते, निबंधाचे म्हणणे सांगत नाही.

अशा वाक्याच्या जागी जे अपेक्षित असते त्याला इंग्रजी विद्यापीठांत थीसिस स्टेटमेंट म्हणतात. मराठी समीक्षेत या अर्थाने ‘प्रमेय’ हा शब्द रुळलेला आहे आणि येथेही तोच वापरला आहे. भूमितीतल्या प्रमेयाशी त्याचे नाते एवढेच की दोघांनाही सिद्धता लागते. मात्र भूमितीत सिद्धता झाली की वाद मिटतो, तर समाजशास्त्रात पुरावा कितीही भक्कम असला तरी वादाला जागा उरते. तेव्हा ज्याच्याशी विषयाचा जाणकार सकारण असहमत होऊ शकतो, ज्याच्या बाजूने आणि विरुद्ध काय पुरावा लागेल हे सांगता येते आणि ज्याच्याभोवती निबंधाचा प्रत्येक परिच्छेद उभा राहतो, असे विधान म्हणजे प्रमेय, अशी कामचलाऊ व्याख्या करता येईल.

आढाव्याचा पुरस्कार करणाऱ्यांचे म्हणणे मात्र हलके समजून बाजूला सारण्यासारखे नाही. त्यांच्या मते समाजशास्त्र हे शास्त्र आहे, आणि शास्त्राने पक्ष घ्यायचा नसतो, ‘जे आहे’ ते नोंदवायचे असते. माक्स वेबर यांनी ज्या मूल्यनिरपेक्षतेचा, म्हणजे अभ्यासकाने स्वतःच्या आवडीनिवडी आणि नैतिक कौल निष्कर्षात मिसळू न देण्याचा, आग्रह धरला तिचा अर्थही हाच, असे ते सांगतात. शिवाय पदवीच्या वर्गातल्या विद्यार्थ्याला विषयाची पुरती ओळख झालेली नसताना भूमिका घ्यायला लावले, तर वर्तमानपत्री मतप्रदर्शनाला शास्त्राचा पोशाख चढवल्यासारखे होईल. आणि एकदा भूमिका ठरली की सोयीचा पुरावा गोळा होतो, गैरसोयीचा गळून जातो, अशीही त्यांची भीती आहे. यांपैकी शेवटची भीती खरी आहे आणि तिच्याकडे पुढे वळावेच लागेल. पहिला मुद्दा मात्र वेबर यांच्या अर्धवट वाचनावर उभा आहे.

वेबर यांनी १९१७ साली म्युनिक येथे विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानात प्राध्यापकाने व्यासपीठावरून राजकीय वा धार्मिक प्रेषिताची भूमिका घेऊ नये असे बजावले, हे खरे. पण त्यांनी निषिद्ध ठरवले होते ते मूल्यविधान, म्हणजे ‘अमुक असावे’ किंवा ‘तमुक वाईट आहे’ अशा स्वरूपाचे विधान. ‘अमुक गोष्ट तमुक कारणाने घडली’ हे कार्यकारणविधान त्यांनी कधीच निषिद्ध मानले नाही. तसे मानले असते तर १९०४-०५ मध्ये त्यांनी प्रॉटेस्टंट पंथीयांची धार्मिक शिस्त आणि आधुनिक भांडवलशाहीची वृत्ती यांच्यात जो संबंध लावला तो लावताच आला नसता. त्या विधानावर शंभर वर्षांहून अधिक काळ वाद चालू आहे, कारण ते वाद घालण्याजोगे आहे. एमिल द्युर्केम यांनी १८९७ साली आत्महत्येवरच्या ग्रंथात, सामाजिक गटाची एकात्मता जितकी घट्ट तितके त्या गटातले आत्महत्येचे प्रमाण कमी, असे म्हटले. त्यातही आत्महत्या वाईट की चांगली याविषयी अवाक्षर नाही, तरीही भूमिका आहे, आणि ती इतकी ठाम आहे की आकडे उलटे निघाले असते तर ग्रंथच कोसळला असता. भूमिका आणि मूल्यनिर्णय या दोन वेगळ्या गोष्टी एकाच शब्दात कोंबल्यामुळे ‘निःपक्षपाती रहा’ या उपदेशाचा अर्थ विद्यार्थी ‘काहीच म्हणू नका’ असा घेतात.

वर्णनाला तटस्थ मानणे हीसुद्धा एक समजूतच आहे. महाराष्ट्रातल्या समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला जात म्हटले की गोविंद सदाशिव घुर्ये यांनी सांगितलेली सहा वैशिष्ट्ये आठवतात: समाजाचे खंडात्मक विभाजन, श्रेणीबद्धता, अन्नपाणी आणि सामाजिक संबंध यांवरील बंधने, निरनिराळ्या गटांची नागरी व धार्मिक अपात्रता आणि विशेषाधिकार, व्यवसायाच्या मुक्त निवडीचा अभाव, आणि विवाहावरील निर्बंध. १९३२ साली प्रसिद्ध झालेल्या घुर्ये यांच्या ग्रंथात ही यादी एका मोठ्या युक्तिवादाचा प्रारंभ होती. गाइडांनी तिला युक्तिवादापासून तोडले आणि सहा मुद्द्यांना सम गुणांचे प्रश्नोत्तर करून टाकले. (या अन्यायात घुर्ये यांचा काही दोष नाही.) यादी पाठ म्हणणाऱ्याने आपण कोणतीही भूमिका घेतलेली नाही असे समजू नये, कारण सहाही गोष्टी एका पातळीवर मांडणे म्हणजे त्यांपैकी कोणतीही दुसरीपेक्षा मूलभूत नाही असे अप्रत्यक्षपणे म्हणणे होय. हेही एक प्रतिपादनच, फक्त त्याचे समर्थन कोणी करत नाही आणि ते आहे याचे भानही कोणाला नसते.

हे प्रतिपादन उघड करून तपासले तर काय घडते, याचा मराठी वाचकाला सर्वात जवळचा दाखला घुर्ये यांच्या ग्रंथाच्या सोळा वर्षे आधीचा आहे, आणि गंमत अशी की तो विद्यार्थ्याच्याच निबंधाचा आहे. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात मानववंशशास्त्रज्ञ अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात भीमराव आंबेडकर या पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध वाचला. पुढच्या वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वेरी’ या नियतकालिकात छापून आला. निबंधाच्या उपशीर्षकात यंत्रणा, उगम आणि विकास असे तीन शब्द आहेत, आणि त्यांत यंत्रणा आधी येते, उगम नंतर, ही बारीक गोष्टही लक्षात घेण्याजोगी आहे. स्वरूप, वैशिष्ट्ये, कारणे, परिणाम या चौकटीत विचार करणाऱ्याला असा क्रम सुचत नाही. ‘हे चालते कसे’ असा प्रश्न ज्याला पडलेला असतो त्यालाच तो सुचतो.

जातीची व्याख्या करू पाहणारे जे अभ्यासक त्या काळी प्रमाण मानले जात, त्यांच्यापासून आंबेडकर सुरुवात करतात; पण त्यांचा आढावा घेण्यासाठी नव्हे, त्यांतल्या कोणाचे कुठे चुकले हे दाखवण्यासाठी. फ्रेंच विद्वान सेनार यांनी विटाळाच्या कल्पनेवर भर दिला होता. त्यावर आंबेडकरांचे म्हणणे असे की विटाळ हा मुळात पुरोहितवर्गाच्या शुद्धतेच्या कल्पनांचा भाग आहे, आणि जातीला तो चिकटला तो पुरोहित जात सर्वोच्च स्थानी होती म्हणून. त्यावाचून जातीचे काम अडत नाही. नेसफील्ड यांनी परक्यांशी रोटीव्यवहार न ठेवण्याला महत्त्व दिले. आंबेडकरांच्या मते येथे परिणामालाच कारण समजले गेले, कारण बंदिस्त झालेला गट आपोआपच आतल्या आत जेवू लागतो. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्याविषयी आंबेडकर विशेष आदराने लिहितात, आणि तरीही त्यांची दोन लक्षणे, म्हणजे जातीचे सदस्यत्व जन्मानेच मिळणे आणि जातीबाहेर लग्नाला मनाई असणे, ही एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत असे दाखवून देतात. लग्न आतच होत असेल तर सदस्यत्व जन्मानेच मिळणार. म्हणून लक्षण एकच, ते म्हणजे अंतर्विवाह, अर्थात आपल्याच गटात लग्न करण्याचे बंधन.

प्रमेय येथे आकाराला येते. जातीचे सार अंतर्विवाहात आहे, आणि बाकीची वैशिष्ट्ये त्यातून निघतात किंवा त्याच्याबरोबर येतात. घुर्ये यांची यादी आणि हे वाक्य यांच्यातला फरक माहितीचा नाही. सहांपैकी पाच गोष्टी एकीच्या ताब्यात देण्याचे धाडस या वाक्यात आहे, आणि असे धाडस केले की लगेच एक कर्जही अंगावर येते: अंतर्विवाह जर मूळ असेल, तर ज्या समाजात गोत्र आणि सपिंड यांच्या बाहेर लग्न करण्याची, म्हणजे बहिर्विवाहाची, परंपरा इतकी खोल आहे त्या समाजात हे उलट दिशेचे बंधन टिकले कसे, याचे उत्तर द्यावे लागते. आंबेडकरांच्या निबंधाचा सर्वात श्रीमंत भाग हे कर्ज फेडण्यात खर्च झाला आहे.

त्यांचे उत्तर लोकसंख्येच्या साध्या गणितावर उभे आहे. जो गट आतल्या आत लग्ने करतो त्याला विवाहयोग्य पुरुष आणि विवाहयोग्य स्त्रिया यांची संख्या सारखी राखावी लागते; पण पती-पत्नी एकाच वेळी मरत नसल्यामुळे समतोल सतत बिघडत राहतो. पती आधी गेला की एक स्त्री ‘अतिरिक्त’ होते. तिने बाहेर लग्न केले तर गटाची भिंत फुटते, आत केले तर दुसऱ्या मुलीच्या वाट्याचा वर जातो. तिला पतीबरोबर जाळणे हा एक मार्ग, तिच्यावर आजन्म वैधव्य लादणे हा दुसरा. पत्नी आधी गेली की पुरुष ‘अतिरिक्त’ होतो, पण त्याला जाळणे गटाला परवडत नाही आणि त्याच्यावर ब्रह्मचर्य लादणे अवघड असते. म्हणून अजून विवाहयोग्य न झालेल्या वयोगटातून त्याला मुलगी दिली जाते, म्हणजेच बालविवाह. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तीन प्रथा धर्मग्रंथांत एकेकट्या, निरनिराळ्या कारणांनी गौरवलेल्या आढळतात. येथे त्या एकाच यंत्रणेचे तीन भाग ठरतात. चांगल्या प्रमेयाची ओळख अशी की ज्या गोष्टी आधी शेजारी शेजारी पडून होत्या त्या त्याच्यामुळे एकमेकींना बांधल्या जातात.

यानंतर निबंध अशा ठिकाणी येतो जिथे तो चूक ठरू शकतो, आणि आढाव्याचा कैवार घेणाऱ्यांनी थांबून पाहण्याची जागा हीच आहे. आंबेडकरांच्या मते बंदिस्तपणा प्रथम पुरोहितवर्गाने स्वीकारला आणि इतरांनी त्याचे अनुकरण केले. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ गाब्रिएल तार्द यांच्या सूत्रानुसार अनुकरण वरून खाली झिरपते आणि अंतर वाढत जाते तसे ते विरळ होत जाते. या सूत्रावरून पडताळता येईल असा अंदाज निघतो: जे गट ब्राह्मणांना सर्वात जवळचे त्यांच्यात तिन्ही प्रथा आढळाव्यात, त्यांच्यापेक्षा दूरच्यांत वैधव्य आणि बालविवाह, आणखी दूरच्यांत फक्त बालविवाह, आणि सर्वात दूरच्यांत प्रथा एकही नसून जातीच्या तत्त्वावरची श्रद्धा तेवढी असावी. आंबेडकर असा उतार प्रत्यक्षात दिसतो असे म्हणतात. तो तसा दिसत नाही असे कोणी दाखवून दिले तर प्रमेयाला तडा जातो. ‘स्वरूप आणि परिणाम’ यांच्या आढाव्याला असा तडा जाण्याची सोयच नसते.

निबंधाच्या शेवटाकडे आंबेडकर दोन गोष्टी म्हणतात. एक, या विषयात भावनेला स्थान नसावे आणि वस्तुनिष्ठपणे विचार व्हावा; दुसरी, आपली उपपत्ती असमर्थनीय ठरली तर ती सोडून देण्याची आपली तयारी आहे. ज्या विद्यार्थ्याला जातीचा अनुभव पुस्तकातून घेण्याची गरज नव्हती त्याने हे लिहिले, हे ध्यानात ठेवले तर मूल्यनिरपेक्षता आणि ठाम भूमिका यांचे वैर आहे हा समज टिकत नाही. भूमिका घेतल्याने माणूस हट्टी होतो असेही नाही. सोडून देण्यासाठी आधी हातात काहीतरी धरलेले असावे लागते.

या निबंधातला प्रत्येक दावा सारख्याच ताकदीचा आहे असे नाही. यंत्रणेविषयीचे प्रतिपादन उगमाविषयीच्या प्रतिपादनापेक्षा भक्कम आहे. सुरुवातीला एकच जात होती आणि बाकीच्या अनुकरणाने व बहिष्काराने तयार झाल्या, हे विधान इतक्या मागच्या काळात जाते की त्याला अनुमानाचाच आधार उरतो. इरावती कर्वे यांनी पुढे नेमक्या याच बाजूला सुरुंग लावला: जाती एका अखंड समाजाचे तुकडे पडून झालेल्या नाहीत, मुळातच वेगवेगळे असलेले नातेगट शेजारी येऊन बसले आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. पण कर्व्यांना वाद घालता आला तो समोर विधान होते म्हणून. सहा मुद्द्यांच्या यादीशी वाद घालायचा तर फार तर सातवा मुद्दा सुचवता येतो.

नवख्याने भूमिका घेऊ नये या आक्षेपाला १९१६ चा हा दाखला पुरेसे उत्तर देतो असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ते प्रामाणिकपणाचे होणार नाही. प्रत्येक विद्यार्थी आंबेडकर नसतो आणि शिक्षकांची भीती निराधार नाही. भूमिका मागितली की बरेच विद्यार्थी ‘जातिव्यवस्था हा भारतीय समाजाला लागलेला कलंक आहे’ असे लिहितात. त्यात संताप आहे, तो योग्यही आहे, पण समाजशास्त्रीय प्रमेय नाही: वर्गात कोणी त्याच्या विरुद्ध हात वर करणार नाही, आणि कोणता आकडा वा कोणते निरीक्षण हाती आले तर ते मागे घ्यावे लागेल हे लिहिणाऱ्यालाही सांगता येणार नाही. म्हणजे आढाव्याचे वाक्य आणि घोषणेचे वाक्य ही वरकरणी परस्परविरुद्ध दिसली तरी त्यांचा दोष एकच आहे. आढाव्याच्या पुरस्कर्त्यांना घोषणेची भीती वाटते, ती रास्त आहे. पण त्यावर त्यांनी सुचवलेला उपाय म्हणजे ताप उतरवण्यासाठी रोग्याला बेशुद्ध करण्यासारखा आहे.

सामान्य विद्यार्थ्याला सामान्य साधनांनी प्रमेयापर्यंत पोहोचता येते की नाही, हे पाहण्यासाठी अंतर्विवाहाचाच धागा आजपर्यंत आणावा. समजा, निबंधाचा विषय ‘आंतरजातीय विवाह’ असा दिला आहे. पहिल्या मसुद्यात अर्थातच ‘आंतरजातीय विवाहांचे स्वरूप, कारणे आणि परिणाम यांचा आढावा’ येईल. दुसऱ्या मसुद्यात शिक्षकाने ‘तुमचे म्हणणे काय?’ असे विचारल्यावर ‘आंतरजातीय विवाहांमुळेच जातिव्यवस्था नष्ट होईल’ असे येईल. हे भविष्यकथन आहे, आणि सहा पानांच्या निबंधात भविष्य सिद्ध करता येत नाही. तिसऱ्या मसुद्यात, भविष्यकाळ काढून टाकल्यावर, ‘शिक्षणाच्या प्रसारामुळे आंतरजातीय विवाहांचे प्रमाण वाढते’ असे येईल. येथे प्रथमच एक खरे विधान हाती लागते, कारण त्यात कारण आहे, परिणाम आहे, आणि ते खोटे ठरण्याची शक्यता आहे.

ते खोटे ठरतेही. १९७१ च्या जनगणनेत देशातली साक्षरता सुमारे ३४ टक्के होती, २०११ मध्ये ती सुमारे ७३ टक्क्यांवर गेली. २०११-१२ साली झालेल्या भारत मानव विकास सर्वेक्षणाच्या दुसऱ्या फेरीत देशभरातल्या ४२ हजारांहून अधिक कुटुंबांची पाहणी झाली, आणि त्यात विवाहित स्त्रियांना पतीची जात आणि माहेरची जात एकच आहे का असे विचारले गेले. त्या माहितीवरून त्रिदीप रे, अर्क रॉय चौधुरी आणि कोमल सहाय या अर्थशास्त्रज्ञांनी आंतरजातीय विवाहांचे प्रमाण जेमतेम ५.८२ टक्के काढले आणि आधीच्या चार दशकांत ते चढत गेल्याचे दिसत नाही असे नोंदवले. आढावा लिहिणारा विद्यार्थी येथे ‘शिक्षणाचा प्रसार’ हा मुद्दा कारणांच्या यादीत आणि ५.८२ हा आकडा सद्यःस्थितीच्या परिच्छेदात लिहून पुढे सरकला असता. दोन्ही वाक्ये एकाच पानावर सुखाने नांदली असती, आणि त्यांच्यातला विसंवाद त्याच्या ध्यानातही आला नसता. विधान केलेले असले तर विसंवाद टोचतो. समाजशास्त्रात प्रश्न जन्माला येतो तो अशा टोचणीतून: साक्षरता दुपटीहून वाढली आणि लग्ने जातीतच राहिली, हे कसे?

उत्तराची दिशा मराठी घरात वाढलेल्या कोणालाही सुचू शकते. ‘स्थळ’ पाहण्याचे, पत्रिका मागवण्याचे, ‘आपल्यातले’ आहेत ना याची चौकशी करण्याचे काम मुलगा-मुलगी क्वचितच करतात. ते वडीलधारी मंडळी करतात, आणि जातीनिहाय वधूवर सूचक मंडळे त्यांच्याच सोयीसाठी चालतात. तेव्हा शिक्षणाचा परिणाम शोधायचा तर तो कोणाच्या शिक्षणाचा, हा प्रश्न आधी विचारायला हवा. वर उल्लेख केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष असा आहे की पती-पत्नींच्या स्वतःच्या शिक्षणाचा आंतरजातीय विवाहाच्या शक्यतेशी संबंध आढळत नाही, पण पतीच्या आईच्या शिक्षणाशी आढळतो: तिचे शिक्षण दहा वर्षांनी अधिक असेल तर आंतरजातीय विवाहाची शक्यता सुमारे ३६ टक्क्यांनी वाढते. या ३६ टक्क्यांनी भारावून जाऊ नये, कारण मूळ आकडाच लहान असल्यामुळे ही वाढ प्रत्यक्षात सुमारे दोन टक्केबिंदूंचीच आहे. ज्याला हा फरक कळत नाही त्याच्या हाती प्रमेय आणि आढावा दोन्ही सारखेच धोकादायक.

चौथा मसुदा आता असा होतो: ‘भारतात शिक्षणाचा प्रसार होऊनही आंतरजातीय विवाह वाढले नाहीत, कारण जोडीदाराची निवड लग्न करणाऱ्यांच्या हाती नसून बहुतांशी घरातल्या मोठ्यांच्या हाती आहे, त्यामुळे जातीची सीमा सैल होते ती मुलांच्या शिक्षणाने नव्हे, लग्न ठरवणाऱ्या पिढीच्या, विशेषतः आईच्या, शिक्षणाने.’ वाक्य लांब आहे, पण प्रत्येक तुकडा काम करतो. पहिला तुकडा कोडे मांडतो, दुसरा यंत्रणा सांगतो, तिसरा तिच्यातून निघणारा आणि तपासता येणारा दावा करतो. निबंधाची रचनाही यातून आपोआप ठरते: आधी प्रसार आणि स्थैर्य यांचे आकडे, मग निवड कोण करते याचा पुरावा, मग आईच्या शिक्षणाचा परिणाम, आणि शेवटी प्रतिस्पर्धी स्पष्टीकरण. वराच्या आणि वधूच्या अपेक्षांवरचा जो छान परिच्छेद विद्यार्थ्याने हौसेने लिहिला होता तो या रचनेत कुठेच बसत नाही, म्हणून तो काढावा लागतो. आढाव्यात तो नक्कीच राहिला असता.

सोयीच्या पुराव्याविषयीची भीती, जिच्याकडे वळायचे राहिले होते, ती आता या वाक्यावरच तपासून पाहता येते. भूमिका घेणारा गैरसोयीचा पुरावा लपवू शकतो; पण त्याने काय लपवले हे वाचकाला ओळखता येते, कारण विधानच सांगते की कोणता पुरावा त्याच्या विरुद्ध जाईल. चौथ्या मसुद्याच्या बाबतीत सर्वात मोठा धोका असा की आईचे शिक्षण हे स्वतः कारण नसून घरच्या सुबत्तेचे किंवा शहरी वास्तव्याचे चिन्ह असू शकते. ज्या पिढीत मुलींना शाळेत पाठवणारी घरे थोडी होती त्या पिढीतली शिकलेली सासू बहुधा सधन किंवा शहरी घरातलीच असणार. म्हणून निबंधात निदान एवढे दाखवावे लागते की सारख्या आर्थिक स्थितीतल्या, एकाच प्रकारच्या वस्तीतल्या घरांची तुलना केली तरी फरक उरतो. आणि ते दाखवणे साध्य नसेल तर ‘शिक्षणाने’ हा शब्द बदलून ‘शिक्षणाशी निगडित’ असे लिहून दावा आवळावा लागतो. दावा असा आवळला म्हणजे भूमिका सोडली असे होत नाही. उलट आढाव्यात निवड झालेलीच असते, कोणती कारणे घ्यायची आणि कोणती वगळायची हे कोणीतरी ठरवलेले असते, आणि त्या निवडीचा जाब विचारायला वाचकाच्या हाती काहीच नसते.

आणखी एक अडचण राहते, आणि ती ५.८२ या आकड्याच्या पोटातच आहे. सर्वेक्षणात जात एकच का असे विचारल्यावर स्त्रीने कोणत्या ‘जातीचा’ विचार करून उत्तर दिले? चार-पाच पिढ्यांपूर्वी कोकणस्थ आणि देशस्थ यांच्यातले लग्न दोन्हीकडच्या मंडळींना जातीबाहेरचे वाटले असते. आज त्याच घरांतल्या अनेकांना ते जातीतलेच वाटते, आणि ते ‘एकच जात’ असे उत्तर देतील. चित्पावन आणि देशस्थ या मुळातल्या वेगळ्या जाती आहेत असे मानणाऱ्या कर्व्यांच्या दृष्टीने हे आंतरजातीय विवाह ठरतील आणि चार दशकांच्या सपाट रेषेखाली बरीच हालचाल दडलेली निघेल. बंदिस्तपणाच्या भिंतीवरूनच जात ओळखणाऱ्या १९१६ च्या प्रमेयाच्या दृष्टीने मात्र भिंत तुटलेली नाही, ती थोडी बाहेर सरकून पुन्हा बांधली गेली आहे. ५.८२ टक्के हे नुसते ‘वर्णन’ म्हणून निबंधात उतरवणारा विद्यार्थी या दोहोंपैकी एका बाजूला आधीच जाऊन उभा राहिलेला असतो. पाचव्या मसुद्यात त्याला ती बाजू कोणती हे लिहावे लागेल.